दहा वर्षं झालेल्या माणसाबद्दल लिंक्डइनवर काय लिहिता? अनुभव सांगा

भोसरीत आमचं सीएनसीचं जॉबवर्क आहे, बावीस माणसं. आमच्या सेटरला दहा वर्षं झाली तेव्हा मी लिहिलं, 'मेहनती, प्रामाणिक, कंपनीचा आधारस्तंभ.' बायको म्हणाली, यात नाव बदललं तर कुणालाही चालेल. पटलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तास त्याच्या मशीनपाशी उभा राहिलो आणि पुन्हा लिहिलं:

'जॉब बदलायला आमच्याकडे पाऊण तास जायचा. यांनी सॉफ्ट जॉचे संच नंबर घालून रॅकवर लावले, आता वीस मिनिटांत पहिला पीस तपासणीला जातो. दोन हेल्परना त्यांनी सेटिंग शिकवलं, आज तेच रात्रपाळी सांभाळतात.'

आठवड्यात आयटीआयच्या दोन मुलांनी विचारलं, 'तुमच्याकडे शिकायला मिळेल का?' आधीच्या जाहिरातीला असं कुणी विचारलं नव्हतं. तुमचं काय?

नाशिक, एचआर: पोस्टची सुरुवात पाऊण तासाच्या ओळीने केलीत ते बरं केलंत. पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं दाबल्यावर उघडतं. 'कळवण्यास आनंद होतो की' यातच त्या ओळी संपतात. फोटो मात्र नीट बघा. आमच्या फोटोत मागे ग्राहकाचं ड्रॉइंग आलं होतं, पार्ट नंबरसकट. टाकलेल्या पोस्टचा मजकूर दुरुस्त करता येतो, फोटो बदलता येत नाही. पोस्टच काढावी लागली, आणि त्याखालच्या सगळ्या शुभेच्छाही गेल्या. तेव्हापासून मजकूर आणि फोटो आधी त्या माणसाला दाखवतो. अकाउंट्समधल्या एक ताई सरळ नको म्हणाल्या, तो विषय तिथेच थांबवला.

ठाणे: वीसेक हॅशटॅग घाला आणि कंपनीच्या पेजवरूनच टाका, लांब जातं.

नाशिक, एचआर: पेजवर हवीच, उमेदवार तिथे बघतात. पण आमच्याकडे साहेबांनी स्वतःच्या प्रोफाइलवरून लिहिलेलं जास्त लोकांनी वाचलं. हॅशटॅग आम्ही तीनच ठेवतो, वीस घालून काही फरक दिसला नाही.

पुणे: मला पाच वर्षं झाली, कंपनीने काहीच टाकलं नाही. लिंक्डइननेच ओळखीच्यांना कळवलं, तेही चुकीच्या महिन्यात! प्रोफाइलमध्ये मीच रुजू झाल्याची तारीख चुकवली होती. पोस्ट लिहिताना नेमणूकपत्र बघा, प्रोफाइल नको.

कोल्हापूर, फाउंड्री: आम्ही मोल्डिंगच्या फोरमनबद्दल असंच तपशिलात लिहिलं. दोन महिन्यांत शेजारच्या फाउंड्रीने त्याला नेलं. आता काम लिहितो, नाव नाही.

भोसरी: दादा, नावच काढलं तर त्याच्या घरच्यांनी काय बघायचं? आमच्या सेटरने ती पोस्ट गावाकडे वडिलांना वाचून दाखवली. दुसऱ्या कंपनीचा फोन त्यालाही आला होता, त्यानेच येऊन सांगितलं. पुढच्या एप्रिलची पगारवाढ मी सप्टेंबरातच दिली.

कोल्हापूर, फाउंड्री: तुमच्याकडे त्याने येऊन सांगितलं. आमच्याकडे थेट राजीनामाच आला.