'सेन्सिटिव्हिटी फंक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

मुग्धा: डिप्लोमाच्या मुलांसाठी कंट्रोल सिस्टिम्सच्या नोट्स मराठीत लिहितेय. L म्हणजे लूपचा गेन; S = 1/(1+L) याला 'संवेदनशीलता फलन' आणि T = L/(1+L) याला 'पूरक संवेदनशीलता फलन' म्हटलं. तपासणाऱ्या सरांनी 'पूरक'वर फुली मारली. शाळेत कॉम्प्लिमेंटरी म्हणजे कोटिकोन, पूरककोन १८० अंशांचे, म्हणाले. मग 'कोटि-संवेदनशीलता' लिहू?

नाना: अजिबात नको. 'कोटि' काटकोनाला बांधलेला आहे, कोटिज्येतही तोच. इथे S + T = 1, म्हणजे पूरक संचासारखं. 'पूरक' बरोबरच आहे. मला खटकते ती 'संवेदनशीलता'. ती माणसाची. 'हळवेपणा' लिहा.

सुलभा: नाना, आमच्या कोकणात हळवं म्हणजे लवकर तयार होणारं भात. आमची मुलं हळवा लूप म्हणजे झटपट लूप समजतील!

शिरीष: पण संवेदनशीलता जास्त असलेलीच बरी ना? आईच्या श्रवणयंत्राची आम्ही मुद्दाम वाढवून घेतली.

वंदना: शिरीष, ती सेन्सरची झाली. इथे प्रश्न असा, की यंत्र बदललं तर अख्खा लूप किती बदलतो. L = 9 घ्या: S = 0.1, T = 0.9. मोटरचा गेन १० टक्के वाढला की L = 9.9 आणि T = 0.908. म्हणजे दहा टक्क्यांतला जेमतेम एक टक्का बाहेर दिसला. आउटपुटवर आलेला धक्काही याच S मुळे दहावा भाग उरतो. सेन्सरची खरखर मात्र T मधून आउटपुटवर जाते, नव्वद टक्के.

निखिल: म्हणजे तराजूच. एक पारडं वर गेलं की दुसरं तितकंच खाली.

वंदना: तसं नाही. S आणि T संमिश्र संख्या आहेत. बेरीज १ असते, पण त्यांच्या मापांची नव्हे. |L| = 1 असताना फेज मार्जिन ३० अंश असेल तर |S| आणि |T| दोन्ही 1.93 येतात. तिथे धक्काही वाढतो, खरखरही. 'पूरक' वाचून मुलांच्या डोक्यात तराजू बसतो, माझी तक्रार तेवढीच.

निखिल: पटलं. पण माझ्या ड्रोनच्या PID कंट्रोलरचा D वाढवल्यावर मोटरी हात लावू देईनात इतक्या तापल्या. उडत तर होता स्थिर. मग T जास्त कुठे होता?

वंदना: नव्हताच. इतक्या वेगाची थरथर ड्रोनच्या जडत्वाने गिळली, म्हणून तो स्थिर दिसला. पण कंट्रोलरला C म्हटलं, तर मोटरला जाणाऱ्या हुकुमात जायरोची खरखर C·S इतक्या पटीने पोचते. त्या वारंवारतांना S जवळजवळ 1, म्हणजे राहिला नुसता C, आणि D मुळे C तिथेच सर्वांत मोठा. जायरोला लो-पास फिल्टर लावा, पण कटऑफ फार खाली आणू नका. फेज मार्जिन खाल्लं की पुन्हा तो 1.93 वाला प्रकार.

नाना: ही 'खरखर' रेडिओची. नॉइजला 'रव' हा नेटका शब्द असताना...

सुलभा: रव पाखरांचा असतो हो नाना. कलरव. जायरोचा कसला रव?

मुग्धा: नोट्स सोमवारी छापायला जातायत. 'पूरक' ठेवतेय आणि त्याच पानावर 1.93 चं उदाहरण घालतेय. 'संवेदनशीलता'चं काय करू ते कुणीतरी सांगा.

नाना: हळवेपणा.