प्रतिसाद: समाधीच्या दगडावरचा मजकूर

> सोलापुरात मळ्यातल्या पणजीच्या समाधीचा फोटो टाकलाय. ‘कै. सौ. … शके १८२० पौष व॥ ५ स देवाज्ञा जाहली.’ अमेरिकेतल्या नातवंडांसाठी इंग्रजी करायचंय. साल १८९८ ना? आणि ११५ काय?

११५ नाही हो. ‘व’ पुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे शब्द तोडून लिहिल्याची खूण, वद्य पंचमी. तुमच्या फोटोत त्या रेघा शेजारच्या ५ पेक्षा उंच आहेत, आकडे असते तर एका उंचीचे असते. तिरप्या उन्हात, सकाळी, पुन्हा फोटो काढा. दगडाला चुना किंवा तेल फासू नका.

साल मात्र १८९९. शकात ७८ मिळवायचे हे चैत्रापासून डिसेंबरअखेरीपर्यंत ठीक, पण १ जानेवारी ओलांडली की ७९. पौष डिसेंबरात सुरू होऊ शकतो, म्हणून पौषाला नुसत्या बेरजेवर विसंबू नका, त्या वर्षीचं पंचांग बघा. तेही महाराष्ट्राचं, अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपणारं. उत्तरेकडच्या पद्धतीत वद्य पक्ष आधी येतो, त्यामुळे पौष वद्य पंचमी महिनाभर आधीची निघेल.

‘कै. सौ.’ दोन्ही एकत्र म्हणजे पणजी गेल्या तेव्हा पणजोबा हयात होते. नसते तर ‘गं. भा.’ असतं. इंग्रजीत नुसतं ‘मिसेस’ लिहिलंत तर हे हरवतं. मी ‘मागे पती’ अशा अर्थाचं वाक्य जोडेन, पण चौकोनी कंसात, कारण दगडावर ते शब्द नाहीत. ‘देवाज्ञा जाहली’ला साधं ‘निधन झालं’ चालेल; ‘जाहली’साठी मुद्दाम जुनाट इंग्रजी नको. मूळ ओळ मात्र जशीच्या तशी वर छापा.