पगार वाढेल तसा पीएफ वाढणारच, मग आत्ता जास्तीचं कशाला कापून घ्यायचं?

सुहास: वय ३८, बेसिक ३०,०००. पहिली नोकरी २०१२ची, तेव्हाची किरकोळ रक्कम इथे धरत नाही. कॅल्क्युलेटरमध्ये दरवर्षी १० टक्के पगारवाढ, ८.२५ टक्के व्याज आणि २० वर्षं टाकली, तर ९४ लाख ५८ हजार आले. बायको म्हणते, दोन हजारांचा व्हीपीएफ, म्हणजे स्वतःहून कापून घ्यायचा जास्तीचा पीएफ, आत्ताच सुरू कर. मी म्हणतो, पगार वाढेल तसा कटही वाढणारच, आत्ता ओढाताण कशाला? तिची बाजू घेणाऱ्यांनी कारण द्यावं, नुसतं ‘वहिनी बरोबर’ नको.

मकरंद: आधी ते ९४ लाख विसर. कॅल्क्युलेटर बेसिकचे तुझे १२ टक्के आणि कंपनीचे १२ टक्के यांची सरळ बेरीज करतो. कंपनीच्या १२ मधले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, पीएफमध्ये येतात फक्त ३.६७. म्हणजे तुझे ३,६०० आणि त्यांचे ११०१. महिन्याला ४,७०१ धर आणि परत हिशेब कर. निम्म्यावर येशील.

वैशाली: मकरंद, दिशा बरोबर आहे, आकडा चुकला. १४ वर्षं पेरोल बघतेय, ही चूक दर एप्रिलला कुणीतरी माझ्या टेबलावर घेऊन येतंच. पेन्शनचे ८.३३ टक्के जास्तीत जास्त १५,००० पगारावर निघतात, म्हणजे १,२५० रुपये. बेसिक ३० हजार असो की ३ लाख, पेन्शनला तेवढेच. कंपनीच्या ३,६०० मधून ते गेले की उरलेले २,३५० पीएफला. सुहासचे महिन्याला ५,९५० जमा होतात.

आता पुढच्या वर्षी बेसिक ३३,००० झाला तर तुझे ३,९६० आणि कंपनीचे २,७१०. पगार १० टक्क्यांनी वाढला, पण कंपनीचा पीएफमधला वाटा १५ टक्क्यांनी वाढला, कारण पेन्शनचे १,२५० जागचे हलले नाहीत. म्हणून २० वर्षांनी निम्मं वगैरे होत नाही. ९४ लाख ५८ हजारांऐवजी साधारण ८७ लाख २६ हजार येतात.

आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेला, सुरुवातीपासून बेसिक १५,००० च्या वर असलेला माणूस पेन्शन योजनेत नसतो. त्याच्या कंपनीचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्येच जातात, त्याला कॅल्क्युलेटरचा आकडा लागू पडतो. आपण कोणत्या गटात, हे पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यावरून कळतं.

रेश्मा: माझ्या पासबुकात गेल्या वर्षी ७१ हजारांच्या आसपास भरणा झाला आणि व्याज २,७००! ८.२५ टक्के म्हणजे पाच-सहा हजार व्हायला हवे होते ना? कुठे तक्रार करायची?

वैशाली: रेश्मा, नवीन नोकरी, नवीन खातं आहे का? मग व्याज बरोबर आहे. पीएफचं व्याज दर महिन्याच्या शिलकीवर मोजतात आणि वर्षाच्या शेवटी एकदम जमा करतात. पहिल्या महिन्याच्या हप्त्याला ११ महिने मिळतात, दुसऱ्याला १०, शेवटच्याला शून्य. सुहासचंच पहिलं वर्ष घे. वर्षभरात ७१,४०० भरले जातात, व्याज २,७०० येतं. दुसऱ्या वर्षी मात्र मागची ७४,१०० ची शिल्लक बारा महिने काम करते, तेव्हा व्याज ९,१४० होतं. तिसऱ्या वर्षी १६,८५० च्या पुढे. जमा व्हायला महिना-दोन महिने उशीर झाला तरी व्याज बुडत नाही, फक्त उशिरा दिसतं. तक्रार कर, पण भरणाच झाला नाही असा एखादा महिना दिसला तर.

रेश्मा: हो, नवीन कंपनी. जुनीतले पैसे काढून घेतले होते, लग्नाच्या वेळी. साडेपाच लाख होते.

दत्तानाना: रेश्मा, ते नको होतं. वैशालीताई, तुमचा हिशेब चालवून सांगा ना, पहिल्या पाच वर्षांचे पैसे काढले नसते तर किती झाले असते?

वैशाली: सुहासच्या आकड्यांवरच सांगते, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. २० वर्षांत एकूण भरणा ४६ लाख ४९ हजार. पहिल्या पाच वर्षांत त्यातले फक्त ४ लाख ५२ हजार. शेवटच्या पाच वर्षांत २१ लाख २८ हजार, म्हणजे जवळजवळ निम्मे. पगार वाढतो म्हणून पैसा येतो, पण येतो शेवटी, जेव्हा त्याला वेळच उरलेला नसतो.

पहिल्या पाचांचे साडेचार लाख शेवटी १७ लाख ८७ हजार होतात. शेवटच्या पाचांचे २१ लाख २८ हजार फक्त २५ लाख ६४ हजार. सुहास म्हणतो ‘पगार वाढेल तसा कट वाढेल’. वाढेल, पण तो वाढलेला कट व्याजाच्या दृष्टीने मुका असतो.

दोन हजारांचा व्हीपीएफ आत्ता पाच वर्षं घातला आणि मग बंद केला, तरी १ लाख २० हजारांचे २० व्या वर्षी ४ लाख ८२ हजार होतात. तेच दोन हजार शेवटची पाच वर्षं घातले तर १ लाख ४७ हजार. वहिनींचं कारण हे आहे.

निखिल: मला पटत नाही. व्हीपीएफला कंपनी एक पैसा घालत नाही, मग तो पीएफचा फायदा कसला? ८.२५ टक्क्यांवर अडकवून ठेवण्यापेक्षा शेअर फंडात एसआयपी करावी. २० वर्षं हातात आहेत. लवकर घालायचं हा मुद्दा मान्य, पण ‘लवकर’ म्हणजे ‘पीएफमध्ये’ नव्हे. आणि स्वतःचा कट वर्षाला अडीच लाखांच्या वर गेला की वरच्या रकमेच्या व्याजावर कर आहे, तो विसरलात.

वैशाली: विसरले नाही. एप्रिल २०२१ पासून तो नियम आहे. सुहासचा नुसता १२ टक्क्यांचा कट १० टक्के वाढीने २० व्या वर्षी अडीच लाख ओलांडतो. दोन हजार व्हीपीएफ सगळी वर्षं चालू ठेवला तर १९ व्या. पाच वर्षांत बंद केला तर या नियमाचा काही संबंध नाही.

एसआयपीबद्दल वाद घालत नाही. सुहासचा सगळाच पैसा शेअर फंडात असेल तर हा हिस्सा इथे ठेवण्यात अर्थ आहे, काहीच तिकडे नसेल तर निखिलचं ऐकावं. तो आकडा आपल्यासमोर नाही.

दत्तानाना: मी २०१९ ला निवृत्त झालो. माझ्या काळात पीएफला १२ टक्के मिळत होते, नव्वदच्या दशकात. २०२१-२२ ला ८.१ झाला, चाळीसेक वर्षांतला नीचांक. २० वर्षं ८.२५ टिकेल असं धरून ८७ लाखांपर्यंत मोजणं म्हणजे पुढच्या वीस पावसाळ्यांचा अंदाज आत्ताच बांधण्यासारखं आहे.

पण मला वेगळंच सांगायचंय. रुपयांत मोजू नका, पगारांत मोजा. १० टक्के वाढीने सुहासचा शेवटचा बेसिक १ लाख ८३ हजार होईल. ८७ लाख म्हणजे त्याच्या शेवटच्या बेसिकचे ४७-४८ महिने. चार वर्षं. वाढ ५ टक्केच मिळाली तर फंड ५४ लाखांवर येतो, पण शेवटचा बेसिक ७५,८०० च्या आसपास, म्हणजे ७१ महिने. ज्याला कमी वाढ मिळते त्याचा पीएफ त्याच्या पगाराच्या मानाने मोठा असतो. तेव्हा हसत होतो असं ऐकून, निवृत्त झाल्यावर कळलं. खर्चाची सवय शेवटच्या पगाराची लागते, फंड मात्र मधल्या पगारांवर जमलेला असतो.

मकरंद: नाना, हे भारी. आणि ११०१ चा आकडा मागे घेतो. पण मुद्दा हा की सुहासला २० वर्षं सलग १० टक्के देतंय कोण?

सुहास: देतात, गेली तीन वर्षं ९-१० टक्केच मिळालेत.

वैशाली: ते सीटीसीवर, म्हणजे भत्त्यांसकट एकूण पॅकेजवर. पीएफ बेसिकवर कापतात, महागाई भत्ता असेल तर त्यावरही. बऱ्याच ठिकाणी वाढ विशेष भत्त्यात टाकतात आणि बेसिक जागेवर ठेवतात, मग पीएफही जागेवर राहतो. सुहास, तीन वर्षांच्या एप्रिलच्या पगारपावत्या काढ. ‘बेसिक’ ही एकच ओळ बघ.

निखिल: आणि काही कंपन्या १५,००० वरच कापतात, म्हणजे १,८००. सुहासचं तसं नाही हे बरं. तसं असतं तर तुमचे ८७ लाख पावणेचौदा लाखांवर आले असते, कारण १,८०० आणि ५५० मिळून महिन्याला २,३५० कायमचे.

वैशाली: बरोबर. मात्र तिथे उरलेला पैसा भत्ता म्हणून हातात येतो, तो वाचवता आला तर गोष्ट वेगळी. तुमच्यासारखा एसआयपी करणारा वाचवेल, सगळे नाही वाचवत.

निखिल: ‘सगळे नाही’ हे कारण धरून सगळ्यांचे पैसे कुलपात ठेवायचे? यावर आपलं जमणार नाही.

रेश्मा: माझे साडेपाच लाख परत भरता येतात का?

वैशाली: काढलेली रक्कम परत टाकण्याची सोय नाही, रेश्मा. व्हीपीएफ वाढवून हळूहळू जमव. पुढे नोकरी बदललीस तर खातं ट्रान्सफर कर, काढू नकोस. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढलं तर करही लागतो.

सुहास: पगारपावत्या बघितल्या. दोन वर्षांपूर्वी बेसिक २७,५००, गेल्या वर्षी २८,६००, आत्ता ३०,०००. म्हणजे बेसिकची वाढ चार आणि पाच टक्के. बाकीची वाढ ‘विशेष भत्ता’ नावाच्या ओळीत जाऊन बसलीय, हे मला आज कळलं. नानांच्या हिशेबात मी ५४ लाखवाला निघालो. नाना म्हणतील ७१ महिने, पण तो बेसिक झाला, घरखर्च एकूण पगाराचा चालतो.

दत्तानाना: तेच तर. भत्त्याने राहणीमान वाढतं, पीएफ वाढत नाही.

सुहास: एचआरला विचारलं, आमच्याकडे व्हीपीएफ फक्त एप्रिलमध्ये बदलता येतो. तोवर चार महिने आहेत. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, तोवर ते दोन हजार माझ्याकडे दे.