प्रतिसाद: गाडीच्या एसीचा ड्रायर बदलायलाच हवा का?

«दगड लागून एसीचा कंडेन्सर फुटला, गाडी आठवडाभर तशीच उभी होती. मेकॅनिक ड्रायरही बदला म्हणतोय. गरज आहे का?»

बदलाच. ड्रायरमधले दाणे ओलावा शोषतात, पण त्यांचं पोट मर्यादित. सिस्टीम आठवडाभर उघडी, त्यात गोव्याचा पावसाळा, म्हणजे ते आता भिजून बसलेत. नुसत्या व्हॅक्यूमने, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून, ते नीट सुकत नाहीत.

माझ्या गाडीत म्हापशाला ही बचत करून पाहिली. गॅस भरल्यावर एसी मस्त गार. वीसेक मिनिटांनी पर्वरीचा चढ येईपर्यंत झोत कोमट. बंद करून दहा मिनिटं थांबलो की पुन्हा गार! आतलं पाणी एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठायचं आणि वितळलं की वाट मोकळी व्हायची. हे किमान कळतं तरी. खरी भीती आम्लाची: पाणी, गॅस आणि तेल मिळून ते तयार होतं, आणि कॉम्प्रेसर आतून गुपचूप खातं.

नव्या ड्रायरची बुचं मात्र अगदी शेवटी, जोडतानाच काढायला सांगा. मग निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम. बऱ्याच नव्या गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्याच बाजूच्या नळीत असतो, तेव्हा नव्या कंडेन्सरसोबत तो आलाय का, ते आधी विचारा.