अंधारयुग हे नाव कोणी पाडलं?

>> मग मध्ययुगातल्या लोकांना माहीत होतं का की ते अंधारयुगात जगतायत?

नाही हो, त्यांना कसं माहीत असणार. हे नाव नंतर बाहेरून चिकटवलेलं आहे. १३४०च्या आसपास पेत्रार्क या इटालियन कवीने रोमच्या पडझडीनंतरच्या काळाला अंधार म्हटलं, कारण त्याच्यासाठी उजेड म्हणजे सिसेरोची लॅटिन, आणि गंमत अशी की स्वतःचा काळही तो त्या अंधारातच धरत होता. त्यानंतरच्या काळाचं रेनेसाँ हे नाव तर अजून नवीन, वसारी या इटालियन चित्रकार-लेखकाने १५५० मध्ये कलेपुरता 'पुनर्जन्म' म्हटलं होतं पण अख्ख्या युगाचं नाव म्हणून ते रुजलं मिशले (१८५५) आणि बुर्कहार्ट (१८६०) या इतिहासकारांमुळे, म्हणजे तो काळ संपून अडीचशे वर्षं झाल्यावर.

आता अंधारयुग या नावाला आक्षेप का, तर एकच उदाहरण बघा. १४१७ मध्ये पोज्जो या जुने ग्रंथ शोधणाऱ्या इटालियन विद्वानाला एका जर्मन मठात लुक्रेशियस या रोमन कवीचं हस्तलिखित सापडलं, पण ते तिथे होतं कारण आधीच्या शतकांतल्या साधूंनी, त्याच 'अंधारात', नकलून ठेवलं होतं. बऱ्याच लॅटिन ग्रंथांच्या आज उरलेल्या सगळ्यात जुन्या प्रती नवव्या शतकातल्या, शार्लमेन या फ्रँक सम्राटाच्या परंपरेतल्या आहेत. आणि त्यातलं गोल, सुटसुटीत अक्षर पोज्जोसारख्या विद्वानांना प्राचीन रोमन वाटलं म्हणून त्यांनी ते गिरवलं, तिथून ते छपाईत गेलं. आज आपण इंग्रजीची जी छोटी लिपी वाचतो ना, तिचं मूळ तेच.

पाचव्या-सहाव्या शतकात पश्चिमेत शहरं आक्रसली, लिहिणारे कमी झाले हे खरंच आहे, पण त्यावरून हजार वर्षं काळी करणं मला अजिबात पटत नाही, त्याच हजार वर्षांत कॉन्स्टँटिनोपल आणि आठव्या शतकापासून बगदाद जोरात होते.