सीएजीआर: 2018 ते 2023 ही पाच वर्षं की सहा?

शेवंती
माझ्या गुंतवणुकीच्या तक्त्यात 2018 समोर 1,00,000 आणि 2023 समोर 1,76,234 आहे. मधली वर्षं धरून एकूण सहा ओळी. मी सहा वर्षं धरली तर सीएजीआर, म्हणजे दरवर्षीच्या चक्रवाढ वाढीचा सरासरी दर, 9.90 टक्के आला. भाऊ म्हणतो पाच धर, मग बरोबर 12 टक्के येतात. मी माझं उत्तर उलटं करून पाहिलं: एक लाखाला 1.099 ने सहा वेळा गुणलं की जवळपास तीच रक्कम येते. मग चूक कुठे आहे? मध्ये पैसे भरले नाहीत, काढलेही नाहीत.

रोजमेळ
भावाचं बरोबर आहे. जितके आकडे, त्यातून एक वजा. सहा आकड्यांमध्ये वाढ होण्याच्या जागा पाचच. पहिल्या आकड्याआधी काय झालं ते तक्त्याला माहीतच नाही, मग त्याचं वर्ष का मोजायचं? दरवेळी हाच नियम लावा, गोंधळ होणार नाही.

उभा_आडवा
असहमत. 2018 मध्ये पैसे गुंतलेले होते ना? मग ते वर्ष गाळायचं कशाला? समजा ते 1 जानेवारी 2018 ला भरले आणि 31 डिसेंबर 2023 ला किंमत पाहिली. मग पूर्ण सहा वर्षं झाली, आणि 9.90 हेच खरं उत्तर. वजा एकच्या नियमाने तुम्ही एका अख्ख्या वर्षाची मेहनत फुकटात काढून घेताय आणि दर फुगवताय.

दशमान
शेवंतीताई, तुम्ही केलेल्या पडताळणीबद्दल आधी बोलतो, कारण वर कोणीच तिच्याकडे पाहिलेलं नाही. अंतिम रकमेला मुद्दलाने भागून सहावं मूळ काढलं आणि मग त्याच दराने सहा वेळा गुणलं, तर तीच अंतिम रक्कम मिळणारच. पाच धरलं असतं तरी जुळलं असतं, नऊ धरलं असतं तरी. ही पडताळणी फक्त आकडेमोड तपासते. वर्षं चुकली असतील तर ती चूक जाताना आणि येताना सारखीच लागते आणि दिसतच नाही.

वर्षं तपासायची असतील तर प्रत्येक गुणाकारासमोर तारीख लिहा. 12 टक्क्यांनी: 31 डिसेंबर 2018 ला 1,00,000, 2019 अखेर 1,12,000, 2020 अखेर 1,25,440, 2021 अखेर 1,40,493, 2022 अखेर 1,57,352, 2023 अखेर 1,76,234. पाच पायऱ्यांत पोचलो. 9.90 ने त्याच पाच पायऱ्या चढलात तर 2023 अखेर फार तर 1,60,000 च्या थोडं पुढे जाता, बाकीची रक्कम यायला 2024 उजाडतं.

पण हे सगळं पहिली रक्कम 31 डिसेंबर 2018 ची असेल तर. उभा_आडवा म्हणतात तसं ती 1 जानेवारीची असेल तर सहा पायऱ्या होतात. म्हणजे दोघेही आपापल्या तारखा मनात धरून भांडताय. 'एक वजा' हा नियम सगळे आकडे सारख्या अंतरावर असतील तेव्हाच चालतो. ओळी मोजून वर्षं कळत नाहीत, दोन तारखांमधलं अंतर काढावं लागतं. 2018 समोरचे एक लाख नक्की कुठल्या दिवसाचे?

पाणपोई
माझंही असंच अडलंय. मी 2017 मध्ये पैसे भरले, 2020 मध्ये तेवढेच परत भरले. मग वर्षं 2017 पासून मोजू की 2020 पासून? सरासरी म्हणून मधलं काहीतरी धरलं तर चालेल का?

दशमान
पाणपोई, तुमच्या प्रश्नाला सीएजीआर पुरा पडत नाही. त्यात एकच रक्कम आत आणि एकच बाहेर एवढंच बसतं. मधलं वर्ष धरलं तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ राहणार नाही. भरलेल्या दोन्ही रकमा उणे आणि आजची किंमत अधिक, असं तारखांसकट मांडून एक्सेलचं `XIRR` वापरा, ते प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक दर काढतं.

शेवंती
जुनी कागदपत्रं काढली. एक लाख ही मी भरलेली रक्कम आहे, भरल्याची तारीख 1 जुलै 2018. 2019 पासूनच्या ओळी मात्र 31 डिसेंबरच्या किमतीच्या आहेत. 2019 अखेरची 1,18,000 आहे.

दशमान
मग पाचही नाही आणि सहाही नाही. पहिल्या ओळीत भरलेली रक्कम, बाकीच्यांत वर्षाअखेरची किंमत, असं मिश्रण झालंय, आणि घोळ तिथेच आहे. पहिली पायरी दीड वर्षाची आहे, बाकीच्या चार एकेका वर्षाच्या. 1 जुलै 2018 ते 31 डिसेंबर 2023 म्हणजे 2009 दिवस, म्हणजे साडेपाच वर्षं. एक्सेलमध्ये असं लिहा:

```
=(176234/100000)^(365/(DATE(2023,12,31)-DATE(2018,7,1)))-1
```

10.84 टक्के येतील. 2020 हे लीप वर्ष आहे म्हणून कोणी 365 ऐवजी 365.25 ने भागतं, तेव्हा 10.85 येतात. त्यावरून वाद नको. अर्ध्या वर्षाने मात्र दर एका बाजूला 12 आणि दुसऱ्या बाजूला 9.90 पर्यंत हलतो. कालावधी जितका लहान तितका हा हेलकावा मोठा. वीस वर्षांच्या गुंतवणुकीत हीच चूक इतकी खुपणार नाही.

रोजमेळ
साडेपाचावं मूळ मला पटत नाही. चक्रवाढ वर्षाला एकदा होते, अर्ध्या वर्षात व्याजावर व्याज कुठून येणार? पूर्ण पाच वर्षं धरा आणि वरचे सहा महिने वेगळे सांगा.

दशमान
वर्षाला एकदाच व्याज जमा करणारी ठेव असती तर विचार केला असता. इथे किंमत रोज बदलते, वर्षअखेरी कोणी व्याज जमा करत नाही. सीएजीआर फक्त एवढंच विचारतो की सारख्या गतीने गेलो असतो तर दर किती असता, आणि त्याला अपूर्णांक वर्ष चालतं. सहा महिने वेगळे सांगायचे तर 2023 च्या जून अखेरची किंमत लागेल. ती असल्याशिवाय 1,76,234 ला पाचावं मूळ लावणं म्हणजे साडेपाच वर्षांची वाढ पाच वर्षांच्या नावावर टाकणं.

उभा_आडवा
हे मान्य. पण ताईंना दुसऱ्या एखाद्या योजनेशी तुलना करायची असेल तर 10.84 कुचकामी आहे. तिथले दर वर्षाअखेर ते वर्षाअखेर असतात, आणि ताईंकडे 2018 अखेरची किंमत नाही. माझ्या मते 31 डिसेंबर 2019 पासून मोजावं. 1,18,000 चे 1,76,234, पूर्ण चार वर्षं, 10.55 टक्के. दोन्ही टोकं एकाच जातीची.

रोजमेळ
आणि पहिल्या दीड वर्षात झालेली 18 टक्के वाढ सोडून द्यायची? ती ताईंच्याच पैशांवर झाली.

उभा_आडवा
तुलनेपुरती, हो. स्वतःला किती मिळालं ते पाहायचं असेल तर तुमचे दीड वर्ष धरा.

शेवंती
मला तुलनाच करायची आहे, पण ज्या योजनेशी करायची तिचा दर कुठल्या तारखेपासूनचा आहे ते त्यांच्या कागदावर लिहिलेलंच नाही. नुसतं 'पाच वर्षं' म्हटलंय.

दशमान
मग त्यांना दर विचारू नका, दोन तारखा आणि त्या दिवशीच्या दोन किमती मागा. त्यांची पहिली तारीख 31 डिसेंबर 2019 च्या आधीची निघाली तर उभा_आडवांचे 10.55 त्यांच्या दरासमोर ठेवता येणार नाहीत.