मदत हवी आहे: सोडियम 124, मग पाणी कमी का करायचं?

केतकी_प
आईचं सोडियम 124 आलंय. डॉक्टर म्हणतात पाणी कमी करा. कमी झालंय मीठ आणि बंद करायचं पाणी? क्रिएटिनिन 0.9 आहे, म्हणजे किडनी चांगली आहे ना? लवकर सांगा.

सह्याद्रीकर
मीठ कमी झालंय तर मीठच द्या. लिंबू-मीठ-साखर, दिवसातून तीनदा.

नळीवाला
थांबा. वय किती? बीपीची गोळी कोणती? दिवसाला पाणी किती पितात? लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे लघवी किती घट्ट आहे ती तपासणी, केली का? आई गोंधळल्यासारखं बोलतात का?

मुक्ता७१
किडनीला पाणी हवंच! मला खडा झाला तेव्हा तीन लिटर प्यायला सांगितलं होतं. कुळथाचं कढणही द्या.

केतकी_प
इथे खडा कुणाला झालाय? वय 72. पाणी तीन लिटर, कुणीतरी सांगितलं म्हणून. गोंधळ नाही, थकवा आहे. जेवण म्हणजे चहा-बिस्किटं. गोळी टेल्मिसार्टन-एच, महिन्यापूर्वीच सुरू केली. लघवीची ऑस्मोलॅलिटी 450.

नळीवाला
गोळीचं आधी सांगायचं! त्या 'एच'वर, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइडवर, माझा पहिला संशय.

क्रिएटिनिन गाळणी सांगतं, आणि गाळणी ठीक दिसते. दिवसाला सुमारे 180 लिटर गाळलं जातं, पण त्यातलं बहुतेक सगळं किडनीतल्या नळ्या परत शोषून घेतात. पाणी-मिठाचा हिशोब तिथे होतो. जादा पाणी टाकायचं तर नळीच्या पुढच्या भागात पाणी सोडून नुसतं मीठ उचलावं लागतं, तेव्हा लघवी पातळ होते. 'एच' नेमकं तेच अडवतं. त्यात पाणी धरून ठेवणारं एडीएच हार्मोन चालू असेल तर शेवटच्या नळीत पाणी उलट परतच जातं. रक्त इतकं पातळ असताना लघवीची ऑस्मोलॅलिटी 100 च्या खाली हवी होती.

आता आकडा मांडा. इतक्या कमी जेवणातून दिवसाला समजा 450 मिलिऑस्मोल क्षार आणि युरिया बाहेर टाकायचा आहे. लघवी 450 ची, म्हणजे एकच लिटर होणार. तीच 50 पर्यंत पातळ करता आली असती तर नऊ लिटर पाणी निघालं असतं. पिणं तीन लिटर. घाम-श्वासातून थोडं जातं, बाकीचं अंगात साठून सोडियम पातळ करतं.

सह्याद्रीकर
म्हणजे मीठ दिलं तर टाकायला माल वाढेल, लघवीही वाढेल. मी चूक कुठे?

नळीवाला
तत्त्व बरोबर. पण बीपीच्या पेशंटला मनाने नको, आणि तुमच्या सरबतातून पाणीही जातंच. जेवणात डाळ-अंडं वाढलं तरी युरियाने तेच काम होतं.

केतकी_प
मग गोळी आजच बंद करू?

नळीवाला
आजच डॉक्टरांना फोन करून 'एच'बद्दल विचारा. गोळी सुटली की लघवी एकदम पातळ होऊन सोडियम झपाट्याने चढू शकतं. 24 तासांत 8 अंकांपेक्षा जास्त चढू नये, मेंदूला इजा होते. म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा लागते. उलटी, गुंगी किंवा झटका आला तर थेट इमर्जन्सी. लघवीतलं सोडियम किती आलं?

केतकी_प
ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. लॅबला विचारते.

मुक्ता७१
कढणात मीठ घालायचं की नाही मग?